टीम लीडर स्वरूपा

स्वरूपाला कुठलंही काम अर्धवट ठेवलेलं खपत नसे. मोशीच्या त्यांच्या सोसायटीत गणपतीची आरास असो, नाहीतर वर्गाच्या सहलीची यादी, ती हातात घेतली की शेवटाला नेऊनच खाली ठेवायची. म्हणून नववीच्या गव्हाणे मॅडमनी कचरा वर्गीकरणावर व्हिडिओ करायचे गट पाडले, तेव्हा स्वरूपाच्या गटाची प्रमुख कोण हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. तिलाही पडला नाही.

शाळा चाकण रस्त्यावर, कुरुळीच्या अलीकडे. आजूबाजूच्या कंपन्यांमध्ये कामाला आलेल्यांची मुलं आणि त्या कंपन्यांना जमिनी दिलेल्या गावकऱ्यांची मुलं एकाच बाकावर बसायची. स्वरूपाच्या गटात तिच्याशिवाय तिघं. दिव्या तिची पहिलीपासूनची मैत्रीण, बोलायला चुरचुरीत. ज्ञानेश निघोज्याचा, जुन्या शेतकरी घरातला. त्याच्या भावाकडे चांगल्या कॅमेऱ्याचा फोन होता. आणि पुनम. ती मागच्या वर्षी लातूरकडून आली होती. ज्ञानेशच्या आजोबांनी वावरात बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांपैकी एकीत ती राहायची. वर्गात कमी बोलायची, आणि बोलली की मागच्या बाकावरचे काहीजण तिच्या हेलाची नक्कल करायचे.

"कामं वाटताना एक करा," मॅडम म्हणाल्या होत्या. "प्रत्येकाला आधी विचारा. काय करायला आवडेल, आणि त्यासाठी घरी वेळ आणि साधन आहे का. मग वेळापत्रक बनवा. आणि एक दिवस मोकळा ठेवा, काहीतरी बिघडतंच."

स्वरूपाने मान डोलावली. घरी गेली, आईचा लॅपटॉप उघडला आणि एका बैठकीत सगळं वेळापत्रक करून टाकलं. सगळ्यांना उघडता येईल असा ऑनलाइन तक्ता. डाव्या बाजूला काम, मग नाव, मग तारीख, शेवटी 'झालं' असा रकाना. लेखन आणि दिग्दर्शन स्वरूपा. निवेदन दिव्या. चित्रीकरण ज्ञानेश, रविवारी सकाळी घंटागाडी येते तेव्हा. संकलन पुनम, सोमवार आणि मंगळवार. बुधवारी मॅडमना दाखवायचं. शुक्रवारी दुपारपर्यंत आंतरशालेय स्पर्धेला पाठवायचं. प्रत्येकाच्या नावाला वेगळा रंग. मोकळा दिवस तिने ठेवला होता, गुरुवार. पण तो मॅडमनी सांगितलेल्या दुरुस्त्यांसाठी.

पुनमला संकलन देण्यामागे तिचा विचार होता. वर्गातल्या एकीच्या वाढदिवसाला पुनमने फोटो जोडून, गाणं लावून छोटासा व्हिडिओ केला होता, तो सुंदर झाला होता. म्हणजे तिला येतं. निवेदन कुणी करायचं यावर विचार करायची वेळच आली नाही. निवेदन दिव्याच करणार. पुनमचा हेल ऐकून परीक्षक काय म्हणतील, हा विचार स्वरूपाच्या मनात आला आणि तिने त्याला बसूही दिलं नाही, इतक्या सहज तो येऊन गेला.

तक्त्याची लिंक तिने गटावर टाकली. खाली लिहिलं, 'सगळ्यांनी आपलं काम आणि तारीख बघून घ्या. मान्य असेल तर अंगठा द्या. — टीम लीडर स्वरूपा.'

दिव्याचा अंगठा लगेच आला. ज्ञानेशचा थोड्या वेळाने. पुनमचा सगळ्यांत शेवटी, पण आला. स्वरूपाला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पुनम तिच्याजवळ आली. "स्वरूपा, ते संकलनाचं..."

"तक्त्यावर आहे ना सगळं?" स्वरूपा डबा आवरत होती. "काही शंका असली तर तिथेच लिही, म्हणजे सगळ्यांना दिसेल. तोंडी सांगितलं की विसरायला होतं गं."

"बरं," पुनम म्हणाली आणि गेली.

रविवारचं चित्रीकरण मात्र झकास झालं. सोसायटीच्या दारात सकाळी सकाळी हिरवा आणि निळा असे दोन डबे मांडले. स्वरूपाने कुठल्या क्रमाने काय टिपायचं ते आधीच कागदावर काढून आणलं होतं. भाजीची देठं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं हिरव्यात. दुधाची पिशवी विसळून, वाळवून निळ्यात. संपलेले सेल, फुटलेला बल्ब, मुदत टळलेली औषधं या दोन्हींत नाही, वेगळीच. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, हे दृश्य घ्यायला ज्ञानेश लाजला, तेव्हा दिव्याने फोन हातात घेऊन ते टिपलं. पुनमही निघोज्याहून ज्ञानेशबरोबर आली होती. तक्त्यात त्या दिवशी तिला काम नव्हतं. ती डबे धरत होती, ऊन आलं की पुठ्ठा आडवा करत होती. दिव्या एका वाक्यावर तिसऱ्यांदा अडखळली, तेव्हा पुनमने ते वाक्य हळूच म्हणून दाखवलं. न अडखळता, अगदी समजावून सांगितल्यासारखं.

"हां, तसंच म्हण दिव्या," स्वरूपा म्हणाली.

घंटागाडी आली, गेली. सगळं टिपून झालं.

"आता फुटेज थेट पुनमला पाठव," स्वरूपाने ज्ञानेशला सांगितलं. "गटावर टाकू नको, तिथं ते धुरकट होतं. दिव्याचा आवाजही तिलाच दे." ज्ञानेशने सोसायटीचं वायफाय लावून तिथंच पाठवून दिलं. घरी गेल्यावर भाऊ म्हणाला, माझा फोन भरवून ठेवलास. म्हणून त्याने आपल्याकडचं काढून टाकलं. एक प्रत बाजूला ठेवायची, हे तक्त्यात कुठंच नव्हतं.

सोमवार गेला. मंगळवारी स्वरूपाने तक्ता उघडला, तर पुनमच्या नावापुढे 'झालं'चा रकाना कोराच. तिने गटावर विचारलं, 'पुनम, किती झालं?' उत्तर म्हणून अंगठा आला. म्हणजे चाललंय, असं तिने धरलं.

बुधवारी सकाळी प्रार्थनेआधी पुनम वर्गाच्या दारातच उभी होती. चेहरा उतरलेला.

"व्हिडिओ न्हाईत," ती म्हणाली.

"न्हाईत म्हणजे?"

"गेले. पुसल्या गेले सगळे."

स्वरूपाला आधी अर्थच लागला नाही. मग लागला आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. ज्ञानेशकडे बघितलं, तर त्याने फक्त मान हलवली, त्याच्याकडेही नव्हतं. आत अर्धा वर्ग भरला होता. स्वरूपाचा आवाज चढला.

"पुसले कसे गेले? काम तुला दिलं होतं ना? तारीख तुला माहीत होती ना? तू अंगठा दिलास पुनम, काल पण दिलास! जमत नव्हतं तर नाही म्हणायचं होतं. आमची सगळ्यांची मेहनत वाया घालवलीस तू."

पुनमने एकदा वर बघितलं.

"माझ्याकडूनच गेले," ती म्हणाली.

मागून कुणीतरी तिच्याच हेलात ते वाक्य परत म्हणून दाखवलं. दोघं-तिघं हसले. स्वरूपा हसली नाही, पण तिने त्यांना गप्पही केलं नाही.

त्या दिवशी मॅडमना दाखवायला काही नव्हतं. गुरुवारी शाळेच्या आधी, घंटागाडीच्या वेळेला, तिघांनी पुन्हा घाईघाईत सगळं टिपलं. ज्ञानेश म्हणाला, "पुनमला घिऊन येऊ का?" स्वरूपा म्हणाली, "नको. आता नवा घोळ नको." संध्याकाळी लॅपटॉपवर तिने स्वतःच तुकडे जोडले, दिव्याचा आवाज बसवला. शेवटी काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत नावं घातली. तीन. तक्त्यात संकलनासमोरचं पुनमचं नाव पुसून स्वतःचं घातलं, रंगही बदलला. ते करताना तिला कसलीच टोचणी लागली नाही. ज्याने काम केलं त्याचं नाव, हिशेब साधा होता. शुक्रवारी पहिल्या तासाला मॅडमनी संगणक कक्षात बसून व्हिडिओ स्पर्धेच्या संकेतस्थळावर चढवला. कामांच्या यादीत पुनमचं नाव का नाही, असं त्यांनी विचारलं. "तिने काम केलं नाही मॅडम," स्वरूपाने सांगितलं. मॅडमनी यादी पुन्हा एकदा बघितली आणि बटण दाबलं.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत शिपाईमामा वर्गात आले. "स्वरूपा कोण? गेटवर एक माणूस आलाय. स्वरूपा मॅडमला भेटायचं म्हणतोय. टीम लीडर मॅडम, असं म्हणतोय."

मुलं खदखदून हसली. स्वरूपा गोंधळून खाली गेली.

गेटजवळच्या कडुलिंबाखाली एक सडपातळ माणूस उभा होता. अंगात कंपनीचा राखाडी शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी. दुपारच्या शिफ्टला निघालेला दिसत होता. दोन वेण्या घातलेली मुलगी आपल्याकडे येते आहे, हे पाहून तो तिच्या मागे बघत राहिला. आणखी कुणी येईल असं त्याला वाटलं असावं.

"मी स्वरूपा," ती म्हणाली.

"तुमी?" त्याने पिशवी खाली ठेवली. "मी सोनबा. पुनमचा बाप. मला वाटलं... टीम लीडर लिव्हलेलं व्हतं, म्हनून मला वाटलं मोठ्या कुनी असतील. शाळेतल्या मॅडम असतील."

"मीच लिहिलं होतं ते," स्वरूपा म्हणाली.

"ताई, चूक माझी हाय," सोनबा म्हणाला. एवढ्या मोठ्या माणसाने आपल्याला ताई म्हणावं, याने स्वरूपाला कानकोंडं झालं. "आमच्या घरात फोन एकच. त्यो माझ्यापाशी असतो. कंपनीत गेटवर जमा करावा लागतो, सुट्टी झाली की मिळतो. घरी जाईपत्तोर लेकरं झोपलेली असतात. सकाळी मी उठतो तवर ही शाळंला. तुमचा मेसेज आला. आमच्यात कंपनीत लाइनवर टीम लीडरचा मेसेज आला की अंगठा द्यायचा असतो, न्हाई दिला तर इचारतात. म्या दिला. वाचलं न्हाई काय हाय ते. मंगळवारी परत आला, परत दिला."

"तो अंगठा तुम्ही..." स्वरूपा म्हणाली.

"व्हय, म्याच. रविवारी पोरीनं सांगितलं व्हतं, बापू, फोनमधी व्हिडिओ आलेत, ऱ्हाऊ द्या म्हनून. सोमवारपासून म्हनत व्हती की फोन एक दिवस घरी ठेवा. म्हनलं, बाई, शिफ्ट बदलली न बदलली, बस कुठं थांबनार, समदं त्याच्यावर येतं, कसा ठिवू? मंगळवारी फोन भरला, मेसेज येईना. लाइनवरच्या एका पोराला म्हनलं, जरा मोकळा करून दे. त्यानं केला. काय काय पुसलं मला कळलं न्हाई." तो खाली ठेवलेल्या पिशवीकडे बघत म्हणाला, "तिनं मला एका शब्दानं म्हनलं न्हाई. काल जेवायला बसंना, तवा आईनं इचारलं. तवा कळलं. म्हनली, शाळेत बापूचं नाव नका काढू, म्या सांगितलंय माझ्याकडून गेलं म्हनून."

रस्त्यावरून कंटेनर जात होते, एकामागून एक. त्यांच्या आवाजात तो थांबत होता आणि पुन्हा सुरू करत होता.

"तिला त्या बोलायच्या कामाची लई हौस व्हती, ताई. घरी भांडी घासता घासता बोलायची, ओला कचरा हिकडं, सुका तिकडं. आमाला हसू यायचं. पर तुमी दिलेलं काम बी तिनं केलंच असतं. तिचं नाव तेवढं काढू नका. मला काय बोलायचं ते बोला."

त्याने हात जोडले. स्वरूपाने घाईने "काका, नको, असं नका करू," म्हणून त्याचे हात खाली घेतले. "मी बघते," ती म्हणाली. "मी करते काहीतरी." त्याने मान हलवली, पिशवी उचलली आणि बस चुकेल म्हणून जवळजवळ पळतच रस्ता ओलांडला.

स्वरूपा धावत शिक्षक खोलीकडे गेली. सगळं सांगताना तिला रडू आवरलं नाही. गव्हाणे मॅडमनी ऐकून घेतलं, स्पर्धेच्या आयोजकांना फोन लावला. बोलणं लांबलं. "एकदा चढवलेली प्रवेशिका बदलता येत नाही म्हणतात," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "प्रमाणपत्रांवर नावं तीच येणार."

"मॅडम, मी तिला विचारलंच नव्हतं. तुम्ही सांगितलं होतं तरी."

"मीही सकाळी तुला एवढंच विचारून सोडलं," मॅडम म्हणाल्या. "पुनमला बोलवायला हवं होतं." त्या रागावल्या असत्या तर स्वरूपाला सोपं गेलं असतं.

शाळा सुटताना ज्ञानेश सायकल काढत होता. स्वरूपाने त्याला गाठलं. "तुला माहीत होतं? तिच्या घरी फोन नसतो ते?"

"व्हय," तो म्हणाला. "आमच्याच खोलीत ऱ्हात्यात की ते."

"मग सांगितलं का नाहीस?"

ज्ञानेशने हँडल सरळ केलं. "तू इचारलंच न्हाईस. अन् तू एकदा ठरवलं म्हंजे ठरलं, असंच आमाला वाटतं. मला बी सांगाया पायजे हुतं. मी माझ्याकडचं पुसायला नको हुतं." तो पाय मारत निघून गेला.

पुनम शाळेच्या व्हॅनची वाट बघत भिंतीला टेकून उभी होती. स्वरूपा समोर गेली.

"तुझे बाबा आले होते."

पुनम भिंतीपासून सरळ झाली. "तू काय बोललीस त्यांना?"

"काही नाही गं. मी... माझंच चुकलं पुनम. मी तुला सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. नाव घालायचं होतं तुझं, पण आता ते बदलून देत नाहीत."

"होऊ दे," पुनम म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं नाही. दार लोटून घ्यावं तसं म्हटलं. "बापू लई वेळ थांबले होते का गेटवर? शिफ्टला उशीर झाला असंल."

व्हॅन आली आणि ती चढून गेली.

स्वरूपाला स्वस्थ बसवेना. चूक केली तर ती भरून काढायची, हे तिच्या घरचं वळण. पुढच्या सोमवारी परिपाठाच्या वेळी मोठ्या पडद्यावर सगळ्या गटांचे व्हिडिओ दाखवायचे होते. तिने मॅडमकडून दोन मिनिटं मागून घेतली. तिचा व्हिडिओ संपला, टाळ्या झाल्या, तशी ती माईकसमोर गेली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "यात एक नाव राहिलंय. पुनमचं. व्हिडिओ पुसले गेले त्यात तिची चूक नव्हती. मी तिला उगाच बोलले. मी तिची माफी मागते."

सभागृहातल्या माना एकदम वळल्या. पुनम नववीच्या रांगेत मांडी घालून बसली होती. तिने मान खाली घातली, इतकी की वेणी पुढे जमिनीला टेकली. मागच्या वर्गांत कुजबूज उठली. "पुसले म्हणजे?" "तीच का ती, जिनं उडवले?" ज्यांना काही ठाऊक नव्हतं, त्या सातवी-आठवीच्या मुलांनाही आता सगळं ठाऊक झालं होतं. स्वरूपा माईक धरून उभी होती आणि आपण नेमकं काय करून बसलो, हे तिला रांगेतून उठून चाललेल्या पुनमकडे बघताना कळलं. हेसुद्धा तिने पुनमला विचारलं नव्हतं.

स्पर्धेत त्यांच्या व्हिडिओला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. तीन प्रमाणपत्रं आली. दिव्याच्या घरी ते चौकटीत लागलं. स्वरूपाच्या आईलाही लावायचं होतं. "नको," स्वरूपा म्हणाली आणि ते कपाटात वह्यांखाली ठेवून दिलं.

दिवाळीनंतर मॅडमनी पुन्हा गट पाडले. विषय नदीचा होता, इंद्रायणीत येणारं पाणी. या वेळी कोणी कोणाबरोबर जायचं ते मुलांनीच ठरवायचं होतं. स्वरूपा सगळ्यांत आधी पुनमच्या बाकाशी गेली. बसली. "या वेळी आधी तू सांग," ती म्हणाली. "तुला काय करायला आवडेल? निवेदन करशील? फोनची काळजी करू नको, माझ्या आईचा लॅपटॉप आहे. तुझ्या बाबांच्या शिफ्टप्रमाणे तारखा लावू आपण."

पुनमने ऐकून घेतलं. "मी त्या गटात हो म्हटलंय," तिने खिडकीजवळच्या मुलींकडे बोट केलं. मग, स्वरूपाला वाईट वाटू नये म्हणून असेल, "तुझ्याकडं माणसं हायतच की चांगली," असंही म्हणाली.

सादरीकरणाच्या दिवशी खिडकीजवळच्या गटाचा व्हिडिओ लागला. पडद्यावर आळंदीचा घाट आला, पाण्यावरचा पांढरा फेस आला आणि त्यावर पुनमचा आवाज. तोच लातूरकडचा हेल, शब्दांच्या शेवटी थोडा रेंगाळणारा. ती पाण्याबद्दल बोलत होती, घरातल्या कुणाच्या तब्येतीबद्दल बोलावं तशी. सुरुवातीला मागच्या बाकावर कुणीतरी हसलं, मग तेही थांबलं. दिव्या स्वरूपाच्या कानाशी लागली, "किती छान बोलते गं ही. आपल्याला माहीतच नव्हतं."

स्वरूपाला माहीत होतं. सोसायटीच्या दारात, घंटागाडीच्या आधी, तिने तो आवाज ऐकला होता आणि दुसऱ्याच मुलीला म्हणाली होती, तसंच म्हण.

व्हिडिओ संपल्यावर पुनमभोवती मुली जमल्या. पुनम हसत होती. तिला असं मोकळं हसताना स्वरूपा पहिल्यांदाच बघत होती. जाऊन चांगलं झालं म्हणावं, असं स्वरूपाच्या मनात आलं. ती उठलीही. पण आपण गेलो तर ते हसू थांबेल, असं तिला वाटलं, आणि ती पुन्हा आपल्या जागी बसली.